मांडवा ते मुरूड, सायकलवर पाच दिवस: पहिल्यांदाच निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

रायगडच्या किनाऱ्याने मांडव्यापासून मुरूडपर्यंत जाणारा रस्ता नव्याने सायकल हाती घेतलेल्यांसाठी आम्हांला सगळ्यांत योग्य वाटतो. अंतरे लहान, चढ मोजके, दर चार-पाच किलोमीटरवर गाव, आणि थांबून पाहावे असे इतके की घाई करणाऱ्याचेच नुकसान. या वाटेबद्दल लोक जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे इथे आहेत.

रोज किती अंतर कापायचे?

पहिल्या दिवशी १२, दुसऱ्या दिवशी २१, तिसऱ्या दिवशी पुन्हा १२, चौथ्या दिवशी १७ आणि पाचव्या दिवशी साधारण २५ किलोमीटर. सगळे मिळून ८५ ते ९० होतात. गावात आत-बाहेर फिरलात की दोन-तीन किलोमीटर इकडे-तिकडे.

मुक्काम असे: पहिली रात्र किहीमला, दुसरी नागावला, तिसरी रेवदंड्याला, चौथी काशीदला आणि पाचवी मुरूडला. नवखा माणूस सपाट रस्त्यावर सामानासकट ताशी ११-१२ किलोमीटरने चालतो. म्हणजे सर्वांत मोठ्या दिवशीही प्रत्यक्ष सायकलवर दोन-सव्वादोन तासच बसायचे आहे.

तिसरा दिवस मुद्दाम लहान ठेवला आहे. सवय नसलेल्या स्नायूंची दुखी त्याच दिवशी वाढत नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला जाते, आणि सीटवर बसण्याचा त्रासही तेव्हाच जास्त जाणवतो. पहिल्या दोन दिवसांत दम आहे म्हणून थेट काशीदपर्यंत ताणणारे लोक चौथ्या दिवशी सायकल टेम्पोत टाकतात. त्यांचा दम कमी पडलेला नसतो, बसायची जागा सोललेली असते.

मी रोज चालतो, पण सायकल शाळेनंतर चालवलेली नाही. जमेल का?

पाच आठवडे हातात असतील तर जमेल. आठवड्यातून तीन दिवस सायकल काढा. पहिल्या आठवड्यात अर्धा तास, मग दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटे वाढवत दीड तासापर्यंत या. वेग बोलता येईल इतकाच ठेवा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागत असेल तर तुम्ही जोरात चालवत आहात.

चौथ्या आठवड्यात एक परीक्षा घ्या: शनिवारी १८ किलोमीटर आणि रविवारी पुन्हा १८, तेही सहलीला नेणार तेवढे सामान लादून. रविवारी उठताना गुडघा कुरकुरत नसेल तर तयारी झाली. एका दिवसात ४० किलोमीटर मारून दाखवण्यापेक्षा लागोपाठच्या दिवशी पुन्हा सीटवर बसता येणे या सहलीसाठी महत्त्वाचे.

हृदयविकार, न आटोक्यात असलेला रक्तदाब किंवा छातीत कधी दुखलेले असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर श्रमाच्या दिवशी मात्रा बदलायची का, हेही त्यांनाच विचारा. सकाळी उपाशीपोटी निघून साखर झपकन उतरणे हा या वाटेवरचा खरा धोका आहे. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर हवीच.

कोणते महिने चांगले?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. मार्चनंतर तापमानापेक्षा दमटपणा छळतो: घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. पावसाळ्यात ही वाट नवख्यांनी घेऊ नये. रस्त्याच्या कडा चिखलाने निसरड्या होतात आणि जंजिऱ्याच्या होड्याही बंद असतात.

वार त्याहून महत्त्वाचा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या चोंढी-अलिबाग-नागाव पट्ट्यात भरून येतात, आणि नागाव ते चौल रस्ता दोन्ही बाजूंच्या वाड्यांमधून जाणारा, इतका अरुंद की समोरासमोर दोन मोटारी आल्या की सायकलवाला गडग्याला टेकतो. सोमवारी निघा, शुक्रवारी मुरूडला पोहोचा.

सोमवार तर ठरला, पण तारीख कशी ठरवायची?

भरती-ओहोटी बघून. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि पायी फक्त ओहोटीला जाता येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण अलिबागला पोहोचतो, तेव्हा पाणी उतरलेले हवे. हे गणित आधी केले नाही तर किनाऱ्यावरूनच किल्ला बघून निघावे लागते.

यासाठी कोळीवाड्यात चालणारा हिशोब पुरतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, आणि त्यात सव्वासहा तास मागे-पुढे गेले की ओहोटी. चतुर्थीचे उदाहरण घ्या. चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यातून सव्वासहा तास वजा केले की सकाळी पावणेनऊ, ही ओहोटी. किहीमहून साडेसहाला निघालेला माणूस आठ-सव्वाआठला अलिबागच्या किनाऱ्यावर असतो. पाणी उतरत असताना चालत जायचे, किल्ला पाहायचा आणि साडेनऊ-पावणेदहाच्या आत परतायचे. वेळ तंतोतंत जुळते.

तेव्हा दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तृतीया किंवा चतुर्थी येईल असा आठवडा निवडा. शुक्ल किंवा कृष्ण, कोणताही पक्ष चालेल. कृष्ण पक्षातही तिथी एकपासूनच मोजायची. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून पंचमीही ओढूनताणून बसते. अष्टमीला मात्र घात होतो. गणिताने ओहोटी दुपारी बाराला येते, आणि त्या सुमाराला भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असल्यामुळे पाणी पुरते उतरतच नाही, वाटेत गुडघाभर राहते. त्या दिवशी घोडागाडीने जावे लागते.

हा हिशोब पाऊण-एक तासाने चुकू शकतो. आठवडा निवडायला तो पुरेसा आहे, पण प्रत्यक्ष पाण्यात पाऊल टाकण्याआधी त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक पाहा आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारा. पाणी वाढताना ते मधल्या खोलगट भागात आधी भरते, त्यामुळे किल्ल्याच्या दाराशी उभे राहून वाट कोरडी दिसते आणि अर्ध्यात मांडीपर्यंत पाणी लागते.

मुंबईहून मांडव्याला सायकल कशी न्यायची?

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सोपी पडते. सायकल हातात धरून थेट आत न्यायची, तिचे वेगळे तिकीट काढायचे, तासाभरात मांडवा. वाहनांच्या डेकवर सायकल भिंतीला टेकवून दोरीने बांधा, कारण बोट हलते आणि पडलेल्या सायकलचा मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा हात, सर्वांत आधी वाकतो. सायकल उभी करताना तो हात भिंतीच्या बाजूला येऊ देऊ नका.

गेटवेवरून सुटणाऱ्या लाँचवर सायकल घेणे न घेणे खलाशांच्या मर्जीवर असते, आणि पायऱ्यांवरून ती चढवताना दोन माणसे लागतात. पुण्याहून येणाऱ्यांनी सायकली गाडीवर टाकून थेट मांडव्याला याव्यात.

सायकल कोणती हवी? गिअरची गरज आहे का?

हायब्रिड किंवा साधी डोंगरी सायकल, ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीच्या टायरची. बारीक टायरची शर्यतीची सायकल नको. गावांतले पेव्हर ब्लॉक आणि रस्त्याकडेची वाळू तिला सोसत नाही. गिअर हवेत. पूर्ण वाटेत काशीदच्या आधीचा घाट आणि राजपुरीकडचा चढ एवढेच दोन खरे चढ आहेत, पण बिनगिअरच्या सायकलवर तेच दोन गुडघे धरतात.

भाड्याने घेणार असाल तर घेतानाच तीन गोष्टी करा. पुढचे चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबरापाशी ते डुलते का बघा. साखळी सगळ्यांत मोठ्या मागच्या चकतीवर चढते का पाहा, कारण घाटात तीच लागणार आणि भाड्याच्या सायकलींत नेमकी तीच जुळवलेली नसते. आणि सीटचा दांडा ढिला करून वर-खाली होतो याची खात्री करा. खाऱ्या हवेत तो आत गंजून बसतो.

सीट किती उंच ठेवायची? गुडघे दुखतील का?

भिंतीला धरून सीटवर बसा. एक पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. आता टाचेऐवजी पायाचा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात हलकी घडी राहते. एवढीच उंची हवी.

बहुतेक नवखे लोक दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात. मग प्रत्येक फेरीत गुडघा जास्त वाकतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. गुडघ्याच्या मागे शीर ओढल्यासारखी दुखत असेल तर उलट: सीट जास्त उंच झाली आहे. दोन्ही बाबतींत एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरनेच बदला आणि पाच किलोमीटर चालवून बघा. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा, हा सराव घरीच करा.

हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर तुम्ही हँडलवर भार टाकून बसता. सीटचे नाक खाली झुकले आहे का पाहा. ते आडवे करून घ्या, म्हणजे अंग पुढे घसरणे थांबते.

बसण्याचा त्रास कसा टाळायचा?

गादीची सायकल शॉर्ट घ्या, दोन नग, आणि तिच्या आत चड्डी घालू नका. चड्डीची शिवण आणि ओला घाम मिळूनच कातडी सोलते. दररोज मुक्कामी पोहोचताच शॉर्ट उतरवा, धुवा, उन्हात वाळवा. जांघेत निघण्याआधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. मऊ, जाड, गुबगुबीत सीट दुकानात बरी वाटते, पण तासाभराने अंग तिच्यात रुतते आणि जांघा घासतात. थोडी कडक सीटच लांबवर सुखाची.

सकाळी किती वाजता निघायचे आणि काय खायचे?

साडेसहाला चाक रस्त्यावर हवे आणि साडेदहाला सकाळचे सायकलिंग संपलेले. निघताना एक केळे आणि कपभर चहा. आठच्या सुमारास थांबून खरी न्याहारी: पोहे, घावने किंवा आंबोळी. घरगुती खाणावळीत जेवायचे असेल तर आदल्या रात्री फोन करून सांगून ठेवा. माणसे मोजूनच भाकऱ्या थापल्या जातात, ऐनवेळी गेलात तर उपाशी राहाल. तळलेली सुरमई रात्री खा, सकाळी नको.

पाणी दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. दोन बाटल्या ठेवा, एकीत साधे पाणी आणि दुसरीत ओआरएस. पुडी जेवढ्या पाण्यात घालायला सांगितली असेल तेवढ्यातच घाला. पाणी कमी घेऊन घट्ट केले तर मळमळते. शहाळे आणि मीठ घातलेले कोकम सरबत वाटेत मिळते. दुपारी लघवी गडद पिवळी दिसली तर सकाळी पाणी कमी पडले. डोके ठणकणे, थंडी वाजल्यासारखे होणे किंवा माणूस असंबद्ध बोलणे ही उन्हाच्या तडाख्याची खूण आहे: सावलीत निजवा, मान आणि काखा ओल्या करा, वारा घाला आणि गाडी करून दवाखान्यात न्या. बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा सायकल नको.

वाटेत काय काय पाहायचे?

पहिल्या दिवशी बोटीतून उतरायलाच उशीर होतो, म्हणून अंतर थोडे आहे. चोंढीचा मोठा रस्ता टाळून सासवने-आवासच्या आतल्या रस्त्याने जा. सासवन्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचे घर आहे. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे तेच. घराचे आता संग्रहालय झाले आहे आणि अंगणातल्या मूर्ती माणसांच्याच उंचीच्या असल्यामुळे फाटकातून आत शिरताना क्षणभर कोणी बसले आहे असे वाटते. एक तास ठेवा. किहीमला पोहोचल्यावर माडांत आणि झाडांत सुगरणीची घरटी शोधा. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास याच गावात केला.

दुसऱ्या दिवशी कुलाबा किल्ल्याशिवाय अलिबागमध्ये कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे आणि चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत ट्राम विजेवर धावू लागणार म्हटल्यावर तिथल्या चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या, म्हणून १९०४ साली हे काम इथे हलवले गेले. दुपार अलिबागमध्ये काढा आणि साडेचारनंतर उरलेले नऊ किलोमीटर करा. वाटेत आक्षी लागते. तिथला शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२चा म्हणून वाचला जातो आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. जगी सुख असो, अशा अर्थाच्या शब्दांनी तो सुरू होतो आणि दान मोडणाऱ्याला गाढवाच्या शापाने संपतो. घाईने पुढे गेलात तर दिसत नाही, गावात विचारा.

तिसऱ्या दिवशी चौलचे रामेश्वर मंदिर. पुढे पोखरण, आत सभामंडपात अग्नी, वायू आणि पर्जन्य अशी तीन झाकलेली कुंडे. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची प्रथा. इथून रेवदंड्यापर्यंत रस्ता सुपारीच्या वाडीतून जातो. डिसेंबर-जानेवारीत अंगणात सोललेली सुपारी वाळत घातलेली असते, रंग ओल्या विटेसारखा, आणि वास आंबूस-तुरट. सायकल गडग्याला टेकवताना तिच्यावरून चाक जाणार नाही हे बघा. रेवदंड्यात रस्ताच पोर्तुगीज कोटाच्या भिंतीतून आत शिरतो. सातखणी मनोऱ्याचे वरचे मजले पडले आहेत, तरी उरलेलाही मान वर करायला लावतो.

चौथ्या दिवशी कोर्लई, आणि आमच्या मते साऱ्या वाटेवरचे सर्वांत वेगळे ठिकाण हेच. कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव, तिथून उजवीकडे किनाऱ्याने कोर्लई. पूल जुना आणि अरुंद आहे, एकामागे एक चाला. कोर्लईच्या ख्रिस्ती वाडीत नौ लिंग बोलतात, म्हणजे 'आमची भाषा'. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली ही बोली इथे शेकडो वर्षे घरात बोलली जाते. १७४० साली पोर्तुगीज गेले, भाषा राहिली. किल्ल्यावर जायला दीपगृहापाशी सायकली कुलूप लावून ठेवा आणि मागच्या पायऱ्यांनी चढा, वीस मिनिटे लागतात. वरून एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. हा चढ सातच्या सुमाराला करा, कारण त्यानंतर काशीदचा घाट अजून बाकी आहे.

पाचव्या दिवशी नांदगावला सिद्धिविनायकाच्या देवळापाशी न्याहारीला थांबा. ज्यावर पुढे शतकानुशतके पंचांगे बेतली गेली तो ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ १५२० साली रचणारे गणेश दैवज्ञ याच नांदगावचे. ज्या तिथीवरून आपण कुलाब्याची ओहोटी काढली तिचा हिशोब ठेवणारी परंपरा इथली आहे. मुरूडला सामान टाकून, हलकी सायकल घेऊन राजपुरीला जा आणि शिडाच्या होडीने जंजिरा बघा. होडी किल्ल्याच्या दरवाजाशी थेट लागते आणि लाटेवर हलत असते, म्हणून हातात पिशवी, मोबाइल काही न ठेवता उतरा.

काशीदचा घाट चढवेल का?

घाट लहान आहे. चुकते ते गिअर उशिरा बदलल्यामुळे. चढ दिसताच, पाय अजून मोकळे फिरत असतानाच, पुढची लहान आणि मागची मोठी चकती लावा. चढात जोर लावत असताना गिअर टाकला तर साखळी कडकडते, उडते किंवा तुटते. बसूनच चढा. उभे राहून पेडल मारल्याने नाडी भराभर वाढते आणि नवखा माणूस दोन मिनिटांत थकतो. पाय मिनिटाला साठ फेऱ्यांच्या खाली आले, श्वास तुटू लागला, तर उतरा आणि चालत ढकला. ढकलताना सायकल तुमच्या उजवीकडे आणि तुम्ही कडेच्या बाजूला.

उताराला दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत या, सतत दाबून धरू नका. वळणावर वाळू असते. वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक लावू नका.

पंक्चर झाले तर?

दोन नळ्या आपल्याच मापाच्या बरोबर घ्या. गावातल्या दुकानात साध्या काळ्या सायकलीची नळी मिळते, बारीक व्हॉल्व्हची किंवा २९ इंची चाकाची मिळेलच असे नाही. सोबत टायर काढायचे दोन प्लास्टिकचे चमचे, हातपंप आणि षटकोनी चाव्या.

चाक काढा, उरलेली हवा सोडा. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून चमचा घालून टायरची एक कड बाहेर घ्या आणि नळी ओढून काढा. आता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी पायरी: टायरच्या आतून बोट हळूहळू पूर्ण फिरवा. या पट्ट्यात बहुतेक पंक्चर बाभळीच्या काट्याने होतात आणि त्याचे टोक टायरमध्येच अडकून राहते, बाहेरून दिसतही नाही. ते न काढता नवी नळी घातली तर अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा बसते. काटा काढल्यावर नव्या नळीत थोडीशी हवा भरून तिला गोल आकार द्या, मग आत बसवा. शेवटची कड हातानेच चढवा. चमच्याने चढवली तर नळी चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन बारीक भोके पडतात. अशी जोडभोके दिसली तर काटा शोधू नका, नळी तुमच्या हातूनच चिमटली आहे किंवा हवा कमी असताना खड्ड्यात आदळली आहे.

सत्तर किलोच्या माणसाला ३५-४० मिलिमीटर टायरमध्ये ५० पीएसआयच्या आसपास हवा पुरते. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा पाचेक जास्त, कारण सामान मागे असते.

काशीदच्या ओल्या वाळूवर सायकल चालवली तर चालेल?

मोह होतो, कारण ओहोटीची वाळू घट्ट असते. पण चाकाने उडालेले खारे पाणी थेट साखळीवर आणि चाकाच्या कण्यात जाते. दुसऱ्या दिवशी साखळीवर तांबूस गंज आणि पेडल मारताना करकर. चालवलीच असेल तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याची बादली हळू ओता, जोराच्या नळीने नको, कारण दाबाने वाळू आतच जाते. फडक्याने कोरडी करा, अर्ध्या तासाने साखळीच्या एकेका कडीवर एक थेंब तेल आणि वरचे पुसून टाका. पुसले नाही तर तेच तेल वाळू धरते. ब्रेकच्या रबरात रुतलेले कण पिनेने काढा, नाहीतर रिम घासून निघते.

पोहायलाही काशीदचा समुद्र फसवा आहे, कमरेच्या पुढे जाऊ नका.

सामान किती?

पाच-सहा किलो, मागच्या कॅरिअरवर दोन बाजूंच्या पिशव्यांत. पाठीवर सॅक नको: पाठ घामाने भिजते आणि सगळा भार सीटवर येतो. सायकलचे कपडे दोन जोड, संध्याकाळचा एक, चप्पल, हलके विंडचीटर, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, कुलूप. हेल्मेट धरून बसायला नाही, डोक्यावर घालायला. पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जाईल एवढाच सैल.

पोपटी खायला मिळेल का?

डिसेंबर ते फेब्रुवारीत नक्की विचारा. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ, हवी तर अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडके उलटे ठेवतात आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवतात. पाणी एक थेंब घालत नाहीत. शेंगा पाल्याच्या वाफेवर शिजतात. मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशी सांगावे लागते, कारण पाला शेतावरून आणायचा असतो. दुसऱ्या रात्री, नागावला ठेवा. पोपटी उशिरापर्यंत रंगते आणि तिसऱ्या दिवशी फक्त १२ किलोमीटर आहेत.

मुरूडहून परत कसे यायचे?

एसटीच्या टपावर सायकल हा जुना मार्ग आता भरवशाचा नाही. पुष्कळ नव्या गाड्यांना टपावर कॅरिअरच नसते आणि असले तरी चढवायचे की नाही हे वाहकावर. चार-पाच जण असाल तर मुरूडहून मांडव्यापर्यंत छोटा टेम्पो ठरवा, आदल्या रात्रीच. पुढची चाके काढून सायकली एकाआड एक उलट-सुलट उभ्या करा, मध्ये जुनी गोधडी किंवा पोते घाला आणि साखळीची बाजू साखळीच्या बाजूला येऊ देऊ नका. चाक काढलेल्या सायकलला डिस्क ब्रेक असेल तर ब्रेकच्या फटीत पुठ्ठ्याची घडी अडकवा. वाटेत चुकून ब्रेक दाबला गेला तर आतले पॅड चिकटतात आणि मांडव्याला चाक परत बसत नाही.

मुरूडनंतर पुढे जायचे असेल तर?

आगरदांड्याहून दिघीला फेरी बोट जाते, सायकल चालते. पलीकडे दिवेआगर आणि पुढे समुद्राला लागून श्रीवर्धनचा रस्ता आहे, पण दिघीनंतरचा चढ आणि शेखाडीकडचे चढ-उतार काशीदपेक्षा जास्त आहेत. मुरूडला पोहोचून एक पूर्ण दिवस विश्रांती घेतली आणि त्यानंतर सीटवर बसताना तोंड वाकडे झाले नाही, तरच पुढचे तिकीट काढा.